पंधरा श्लोक आणि एक खूण : विष्णुसहस्रनामाचा पाठ भागाभागाने

प्रश्न : मला विष्णुसहस्रनाम म्हणायला सुरुवात करायची आहे. संस्कृत शाळेनंतर सुटले आहे. सकाळी कामावर निघण्यापूर्वी जेमतेम दहा मिनिटे मिळतात आणि एवढ्या वेळात संपूर्ण पाठ होत नाही. रोज थोडे थोडे म्हटले तर चालते का, आणि ते थोडे कुठे तोडायचे? घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की अर्धवट पाठ करू नये.

उत्तर : आपल्या घरच्यांचे म्हणणे आणि आपली अडचण या दोन्ही गोष्टी योग्य आहेत, कारण त्या दोन वेगळ्या कृतींविषयी आहेत. संकल्प करून केलेला पाठ ही एक कृती आणि पाठ येऊ लागावा म्हणून केलेला अभ्यास ही दुसरी. महाभारताच्या अनुशासनपर्वात शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला हे स्तोत्र सांगतात. त्याच्या फलश्रुतीत ‘सहस्रं वासुदेवस्य नाम्नामेतत्प्रकीर्तयेत्’ असे म्हटले आहे, म्हणजे तेथे संपूर्ण सहस्रच अपेक्षित आहे. त्यामुळे ‘मी रोज एक पाठ करीन’ असा संकल्प करून त्यातले पंधरा श्लोकच म्हणणे हे अर्धवटच ठरेल, आणि वडीलधारी मंडळी त्यालाच हरकत घेत असावीत. त्याच फलश्रुतीत ‘य इदं शृणुयान्नित्यं’ म्हणून नुसते रोज ऐकणाऱ्यालाही जागा दिलेली आहे. अभ्यास म्हणून भाग पाडण्यास मला त्यात कोणताही अडसर दिसत नाही. एकच पथ्य पाळावे : मोजणी करायचीच असेल तर सर्व भाग मिळून एक आवर्तन धरावे, एका भागाला पाठ म्हणू नये. आपल्या घराण्यात गुरुपरंपरा असेल, विशेषतः माध्व किंवा श्रीवैष्णव, तर न्यास, म्हणजे मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करण्याचा विधी, आणि ध्यानश्लोक यांचा क्रम तेथे विचारून घ्यावा. पुढे लिहितो ती सामान्य स्मार्त घरांत चालणारी पद्धत आहे आणि शिकणाऱ्यांना मी अनेक वर्षे तीच देत आलो आहे.

प्रथम वेळेचा हिशेब करू. ‘विश्वं विष्णुर्वषट्कारो’ पासून ‘शंखभृन्नंदकी चक्री’ पर्यंत नामांचे १०७ श्लोक आहेत आणि ते सर्व अनुष्टुभ् छंदात आहेत, म्हणजे प्रत्येकात आठ अक्षरांचे चार चरण. सरावलेल्या माणसाला एका श्लोकाला दहा ते बारा सेकंद लागतात, त्यामुळे नामांचा भाग अठरा ते बावीस मिनिटांत होतो. नामांपूर्वीची पूर्वपीठिका आणि नंतरची फलश्रुती त्याखेरीज. नवख्या माणसाला पुस्तकात बघून, न अडखळता, एका श्लोकाला साधारण वीस सेकंद लागतात. म्हणजे पंधरा श्लोकांना पाच मिनिटे. म्हणून मी सात भाग सुचवतो : पहिले सहा पंधरा-पंधरा श्लोकांचे आणि शेवटचा सतरा श्लोकांचा.

हे भाग श्लोकांकाने लक्षात ठेवू नयेत, पहिल्या शब्दाने ठेवावेत. कारण महाभारताच्या अध्यायाप्रमाणे क्रमांक देणाऱ्या पुस्तकांत ‘विश्वं’ हा श्लोक १४वा असतो, तर केवळ स्तोत्र छापणाऱ्या पुस्तकांत तो १ला असतो. दोन पुस्तके हाताशी असली की घोटाळा ठरलेला. पहिला भाग ‘विश्वं विष्णुः’ पासून, दुसरा ‘भ्राजिष्णुर्भोजनं भोक्ता’, तिसरा ‘अमृतांशूद्भवो भानुः’, चौथा ‘विस्तारः स्थावरस्थाणुः’, पाचवा ‘सुधन्वा खंडपरशुः’, सहावा ‘भूतावासो वासुदेवः’ आणि सातवा ‘भारभृत्कथितो योगी’ पासून शेवटपर्यंत. पुस्तकात या सात ठिकाणी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. कोणतेही नाम एका श्लोकातून दुसऱ्या श्लोकात ओघळत नाही, त्यामुळे श्लोकाच्या शेवटी थांबल्याने काहीही तुटत नाही. नाम तुटते ते श्लोकाच्या आत, त्याकडे पुढे येतो.

रोजच्या बैठकीची मांडणी साधी ठेवावी. सुरुवातीला ‘शुक्लांबरधरं विष्णुं’ आणि ‘शांताकारं भुजगशयनं’ हे दोन श्लोक, मग त्या दिवसाचा भाग, आणि शेवटी ‘वनमाली गदी शार्ङ्गी’ व ‘यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं तु यद्भवेत्’ हा क्षमाप्रार्थनेचा श्लोक. न्यास आणि पूर्वपीठिका पहिल्या काही महिन्यांत सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. न्यास पुस्तकात बघून करण्याची गोष्ट नव्हे. तो कोणाकडून तरी हाताने शिकावा लागतो. पूर्वपीठिका मात्र सुट्टीच्या दिवशी एकदा अर्थासह वाचावी, कारण युधिष्ठिराचे ‘किमेकं दैवतं लोके’ पासूनचे प्रश्न तेथे आहेत आणि ती हजार नामे त्या प्रश्नांचेच उत्तर आहेत.

आता या योजनेतला एक दोष आणि त्यावरचा उपाय. तो मी स्वतः चुकून शिकलो. पूर्वी मी शिकणाऱ्यांना पंधरावा श्लोक म्हणून थांबायला सांगत असे. तीन-चार महिन्यांनी सर्व भाग सुटे सुटे उत्तम येत, परंतु सलग पाठ करायला बसवले की ‘चतुरात्मा चतुर्व्यूहश्चतुर्दंष्ट्रश्चतुर्भुजः’ म्हणून झाले की सगळा वर्ग गप्प. जिभेला तेथे थांबण्याचीच सवय लागलेली असे; पुढे ‘भ्राजिष्णुः’ येतो हे डोक्याला ठाऊक असूनही तोंडात येत नसे. सहाही जोडांवर तेच. तेव्हापासून मी प्रत्येक भागाची सुरुवात आदल्या भागाच्या शेवटच्या श्लोकापासून करायला लावतो. म्हणजे दुसऱ्या भागाच्या दिवशी आधी ‘लोकाध्यक्षः सुराध्यक्षो’ म्हणायचा आणि श्वास न तोडता ‘भ्राजिष्णुः’ मध्ये शिरायचे. पंधराचे सोळा श्लोक होतात, वीस सेकंद वाढतात, पण जोड पहिल्या दिवसापासून पक्का होतो. पहिल्या भागाला ही गरज नाही, कारण त्याच्या आधी ध्यानश्लोकच येतो.

भाग वारांना बांधावेत की नाही, याचे उत्तर आपल्या आठवड्यावर अवलंबून आहे. रविवारी पहिला, सोमवारी दुसरा ही पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे, आणि ज्यांचा खाडा कधीतरी कोणत्याही दिवशी पडतो त्यांना ती चालते. परंतु माझ्याकडे येणाऱ्या एका परिचारिकेला दर आठवड्याला मंगळवारी रात्रपाळी असे. तिने वारांप्रमाणे भाग धरले होते. चार महिन्यांनी तिला सहा भाग स्वच्छ येत होते, आणि ‘अमृतांशूद्भवो’ पासून ‘ऋतुः सुदर्शनः कालः’ पर्यंतचे पंधरा श्लोक मात्र जणू पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी ती वाचत होती. खाडा दरवेळी एकाच भागावर पडत होता. मग आम्ही वार सोडून दिले आणि पुस्तकात एक मोरपीस ठेवले. जेथे थांबलो तेथे मोरपीस, पुढच्या बैठकीला तेथून पुढे, मग मध्ये एक दिवस जावो की तीन. आवर्तन सात दिवसांऐवजी कधी आठ, कधी नऊ दिवसांत होते, एवढाच फरक. आता मी नवख्या माणसाला सरसकट खुणेचीच पद्धत सांगतो. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये. दुप्पट करताना वेग वाढतो, आणि वेगात पडलेली चूक नंतर काढायला फार दिवस लागतात.

उच्चारांविषयी मी एकाच श्लोकावर सविस्तर लिहितो, कारण मराठी माणसाच्या बहुतेक चुका त्यात सापडतात. तिसऱ्या भागाचा हा पहिला श्लोक :

अमृतांशूद्भवो भानुः शशबिंदुः सुरेश्वरः ।
औषधं जगतः सेतुः सत्यधर्मपराक्रमः ॥

बोटांवर अक्षरे मोजून म्हणावे : अ-मृ-तां-शू-द्भ-वो-भा-नुः, आठ. पुढचा चरण श-श-बिं-दुः-सु-रे-श्व-रः, आठ. आता हाच चरण आपण रोज बोलतो तसा म्हणून पाहावा. मराठीत आपण शब्दाच्या मधला किंवा शेवटचा ‘अ’ गिळतो, ‘करवत’ लिहितो आणि ‘कर्वत्’ म्हणतो. त्याच सवयीने ‘शशबिंदुः’ चे ‘शश्बिंदु’ होते आणि बोटांवर सातच अक्षरे भरतात. चाल डळमळली, एखाद्या चरणात उगाच शब्द ओढावा लागला, की समजावे कोठेतरी ‘अ’ गिळला गेला. कानाला चूक कळत नसली तरी बोटांना कळते, म्हणून पहिले दोन महिने डाव्या हाताची बोटे मोजत राहावे.

दुसरी गोष्ट ‘जगतः’ मधल्या ‘ज’ ची. मराठीत ‘जग’, ‘जहाल’, ‘चाक’, ‘चमचा’ यांतले ज आणि च आपण दातांशी उच्चारतो. संस्कृतात तो उच्चार नाहीच. ‘जीव’ मधला ज आणि ‘चिमणी’ मधला च जसा टाळूला लागतो तसाच ‘जगतः’, ‘जनार्दनः’, ‘चक्री’ यांत लागला पाहिजे. मराठीखेरीज दुसरी भाषा घरी बोलणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, आणि आपल्याला ती आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. विसर्गाचे तसेच : थांबताना आधीच्या स्वराचा हलका पडसाद यावा, ‘भानुः’ चा ‘भानुहु’, ‘सुरेश्वरः’ चा ‘सुरेश्वरह’. तो पडसाद अर्धवट असावा. ‘सुरेश्वरहा’ असा दीर्घ आकार लावला तर एक मात्रा वाढते आणि पाठाला एक हेल येतो, जो नंतर जाता जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नाम कोठे संपते. शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे दुसऱ्या ओळीत तीन नामे आहेत : ‘औषधम्’, ‘जगतः सेतुः’ आणि ‘सत्यधर्मपराक्रमः’. नवखा माणूस ‘औषधं जगतः’ म्हणून श्वास घेतो आणि मग ‘सेतुः’ म्हणतो. ऐकणाऱ्याला जगाचे औषध आणि नुसताच कोणतातरी सेतू ऐकू येतो. दोन-तीन शब्दांची अशी नामे ठिकठिकाणी आहेत. पहिल्याच भागात ‘मुक्तानां परमा गतिः’ हे एक नाम, ‘योगविदां नेता’ हे एक नाम. याउलट ‘एको नैकः सवः कः किं’ ही ओळ वाक्यासारखी वाटते, आणि तेथे कः, किम्, यत्, तत् ही प्रत्येक स्वतंत्र नामे आहेत. सगळी नामे ओळखू येईपर्यंत थांबून राहू नका. सोपा नियम असा की श्वास फक्त चरणाच्या शेवटी, म्हणजे आठ अक्षरांनंतर घ्यावा आणि मध्ये घेऊ नये. ‘औषधं जगतः सेतुः’ हा पूर्ण आठ अक्षरांचा चरण आहे, तो एका दमात म्हटला की नाम आपोआप अखंड राहते. संधी सोडवून दाखवणारे, मोठ्या टाइपातले पुस्तक घ्यावे, खिशात मावणारे नको. नामांची संख्या मोजत बसू नये. भाष्यकारांमध्ये पदे तोडण्याबाबत मतभेद आहेत आणि अनेक नामे पुन्हा आलेली आहेत. ‘विष्णु’ हेच नाम तीन वेळा येते आणि भाष्यात प्रत्येक वेळी त्याचा अर्थ निराळा लावला आहे.

या पुनरावृत्तीमुळे एक गंमतीदार चूक होते, ती ओळखून ठेवावी. पहिल्या भागातल्या आठव्या श्लोकाचा शेवट ‘माधवो मधुसूदनः’ असा आहे आणि दुसऱ्या भागातल्या अठराव्या श्लोकात ‘वीरहा माधवो मधुः’ आहे. तोंडपाठ म्हणताना अठराव्या श्लोकात ‘माधवो मधु...’ पर्यंत येऊन जीभ सवयीने ‘सूदनः’ जोडते आणि पुढे नवव्या श्लोकाचे ‘ईश्वरो विक्रमी धन्वी’ सुरू होते. मग माणूस त्याच दहा श्लोकांच्या वर्तुळात पुन्हा फिरतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. ‘उपेंद्रो वामनः’ दुसऱ्यांदा तोंडात आले की समजावे आपण मागे गेलो. भागांचा इथे अनपेक्षित लाभ होतो. हे दोन श्लोक निरनिराळ्या दिवशी पाठ झाल्यामुळे त्यांची गल्लत मुळातच कमी होते. माझे स्वतःचे पाठांतर लहानपणी सलग झाले, आणि आजही थकलेला असलो की मी त्या वळणावर सावध होतो.

पाठांतरासाठी वेगळा वेळ काढण्याची आवश्यकता नाही. दिवसाचा भाग पुस्तकात बघून एकदा म्हणावा आणि त्यातला फक्त एक श्लोक तीन वेळा म्हणावा, तिसऱ्या वेळी पुस्तक मिटून. पहिल्या आवर्तनात प्रत्येक भागातला पहिला श्लोक, दुसऱ्या आवर्तनात दुसरा, याप्रमाणे. सतरा आवर्तनांत सर्व १०७ श्लोक एकेकदा अशा घोटण्याखालून जातात. खाडे धरून साधारण साडेचार महिने होतात. हिशेब असा : प्रारंभीचे दोन श्लोक पाऊण मिनिट, सोळा श्लोकांना सव्वापाच मिनिटे, घोटण्याचा श्लोक एक मिनिट, शेवटचे दोन श्लोक अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक. आठ मिनिटांच्या आत बैठक संपते. सातव्या भागाच्या दिवशी तेवढे थोडे जास्त लागतील.

साडेचार महिन्यांनंतर सगळे पाठ होईलच असे नाही. ज्यांनी लहानपणी रामरक्षा किंवा गीतेचा एखादा अध्याय पाठ केला आहे त्यांना लवकर येते, कारण अनुष्टुभाची चाल कानात असते. इतरांना वर्षही लागते. भाग जोडण्याची वेळ आली का, हे ओळखण्याची माझी कसोटी ठरलेली आहे : घड्याळ लावून एक भाग म्हणावा, आणि पंधरा श्लोक न अडखळता साडेतीन मिनिटांत झाले तर दोन भाग एकत्र करावेत. तीस श्लोक सात मिनिटांत होतात, म्हणजे आपली दहा मिनिटे तशीच राहतात आणि आवर्तन चार दिवसांत पूर्ण होते. वेळ तेवढ्यात येत नसेल तर एकच भाग चालू ठेवावा.

लोकलमध्ये किंवा बसमध्ये म्हटले तर चालेल का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो म्हणून आधीच सांगतो. फलश्रुतीत पाठ करणाऱ्याला ‘शुचिस्तद्गतमानसः’ असे विशेषण आहे. उभ्याने दांडीला लोंबकळताना स्टेशनकडे लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे ‘तद्गतमानस’ होणे अवघडच. प्रवासात आदल्या दिवशीचा घोटलेला श्लोक मनात आठवून पाहावा, ध्वनिमुद्रण ऐकावे. दिवसाचा भाग मात्र घरी एका जागी बसून म्हणावा. आणि ज्या दिवशी तीही सवड नाही त्या दिवसासाठी स्तोत्राच्या प्रचलित पाठातच सोय आहे. पार्वती शंकराला ‘केनोपायेन लघुना’ असे, म्हणजे सोप्या उपायाने हे सहस्रनाम कसे म्हणता येईल ते, विचारते आणि उत्तर येते ‘श्रीराम राम रामेति’. तो श्लोक म्हणावा आणि मोरपीस जेथे आहे तेथेच राहू द्यावे.

सहस्रनामाचा दुसरा प्रकार नामावलीचा, ‘ॐ विश्वस्मै नमः’ असा एकेक नाम चतुर्थीत म्हणून तुळशीपत्र वाहण्याचा. तो सध्या हाती घेऊ नये. त्याला स्तोत्रापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो आणि छंदाचा आधार नसल्याने पाठही होत नाही.

पहिली दोन आवर्तने झाली की एखाद्या एकादशीला, सुट्टी असेल तर, पुस्तकात बघून सातही भाग सलग म्हणून पाहावेत. नामांनाच पस्तीस-चाळीस मिनिटे लागतील. त्या दिवशी जेथे जेथे अडखळाल तेथे पेन्सिलीने ठिपका द्यावा, आणि पुढच्या आवर्तनात घोटायचा श्लोक क्रमाने न घेता ठिपक्यांतून निवडावा.